जांघेजवळचं केसतूड पिकलंय की नाही, आणि चीर कधी द्यायची?

केळीवाला_रावेर · मंगळवार, रात्री ९.४०

लहान भाऊ, वय २६. उजव्या मांडीला आतल्या बाजूने, जांघेच्या घडीपासून चार बोटं खाली केसतूड झालंय. त्याआधी आठेक दिवसांपूर्वी त्याने ब्लेडने केस काढले होते. सध्या केळीची कापणी सुरू आहे. दिवसभर घामाने ओल्या जीन्समध्ये घड उचलायचे, म्हणजे ती जागा सारखी घासली जाते. आज पाचवा दिवस. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी होती आणि मधोमध आत वळलेला केस दिसायचा. आता लिंबाएवढी गाठ झालीय, हाताला कडक लागते आणि भोवती बरंच लाल आहे. ताप ९९.४. दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या आज संपल्या. काका म्हणतात सुई तापवून टोचून टाक. आई म्हणते पिकलं नाही, हात लावू नको. नक्की ओळखायचं कसं?

आजीचा_बटवा · रात्री १०.०५

आईंचं ऐका. कच्च्या गळवाला टोचायचं नसतं. कणकेत हळद आणि तेल घालून गरम पोटीस करा, रात्री बांधून ठेवा, दोन-तीन दिवसांत तोंड येईल. आपोआप फुटलं की चांगलं दाबून सगळा पू आणि आतलं मूळ काढून टाकायचं. डॉक्टरकडे गेलात तर चिरफाडच सांगतील.

सर्जरी_जळगाव · रात्री ११.२०

बटव्यातली पहिली ओळ खरी आहे. कच्च्या गाठीत सुई घातली तर पू निघत नाही, फक्त रक्त येतं आणि जंतू आणखी खोल ढकलले जातात. शेक देणंही योग्य. पण कणीक-हळद नको, कारण कातडी मऊ पडून फाटते आणि खालचा लालपणा झाकला जातो. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, असं दिवसातून तीन-चार वेळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसला तर ते भावाच्या मांडीवरही नको.

"दाबून काढा" हे मात्र अजिबात करू नका. गाठीभोवती शरीराने एक भिंत उभी केलेली असते. बाहेरून दाबलं की पू वाट मिळेल तिकडे जातो, आणि बऱ्याचदा ती वाट आतल्या चरबीकडे जाते.

आता पिकलंय का, ते बघायची पद्धत. भावाला पाठीवर झोपवा, पाय थोडा बाहेर. दोन्ही तर्जन्या गाठीच्या दोन कडांवर ठेवा. एक बोट स्थिर ठेवायचं, दुसऱ्याने हलकेच दाबायचं. आत पातळ पू साठला असेल तर स्थिर बोट वर उचलल्यासारखं होतं, पाण्याने भरलेल्या फुग्यावर होतं तसं. मग बोटं नव्वद अंशांत फिरवून हेच पुन्हा करा. हे दुसऱ्यांदा करणं मांडीवर फार महत्त्वाचं, कारण मांडीचा स्नायू आडवा दाबला तरी तसाच हलतो आणि फसवतो. उभा दाबला तर हलत नाही. दोन्ही दिशांनी बोट उचललं गेलं तरच पू धरायचा.

त्याआधी मात्र एक गोष्ट. गाठीवर बोटं नुसती टेकवून शांतपणे अर्धा मिनिट थांबा. नाडीसारखी उडते का? खोकल्यावर फुगते का? जांघेजवळून पायाची मोठी धमनी जाते आणि हर्नियाही तिथेच उतरतो. यांपैकी काहीही जाणवलं तर पुढची कोणतीही चाचणी घरी नको.

मेडिकल_चोपडा · बुधवार, सकाळी ७.३०

तीन दिवसांचा कोर्स कमी पडला असणार. त्याच गोळ्या आठवडाभर चालू ठेवा, नाहीतर वरच्या पॉवरच्या घ्या. सुरुवातीला औषध लागू पडलं की गळू बसून जातं, हे रोज बघतो.

ड्रेसिंगवाली_ताई · सकाळी ८.१५

भाऊ, सुरुवातीला बसतं हे खरं. नुसता लालपणा आणि सूज असते तेव्हा तिथे रक्त फिरत असतं, रक्तासोबत औषध पोहोचतं. पण एकदा पू साठला की त्या पोकळीत रक्तवाहिनीच नसते. मग गोळी कितीही पॉवरची द्या, पिशवीच्या भिंतीपर्यंत जाते आणि तिथेच अडते.

आणि लांबवण्याचं नुकसान वेगळंच. दोन-तीन आठवडे गोळ्यांवर दाबून ठेवलेली गळवं आमच्या ओपीडीत येतात. ताप नाही, लालपणा नाही, फक्त सुपारीसारखी टणक गाठ. भिंत जाड झालेली असते आणि आतला पू जिवंतही नाही, निघतही नाही. डॉक्टर त्याला अँटिबायोमा म्हणतात. पाच मिनिटांच्या चिरेत मोकळं होणारं दुखणं मग गाठ कापून काढण्यावर जातं.

रावेरच्या दादा, एक काम आत्ता करा. लालपणाच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा आणि शेजारी वेळ लिहा. सहा तासांनी बघा. डोळ्याला रोज "तेवढंच आहे" वाटतं, रेघ खोटं बोलत नाही.

मेडिकल_चोपडा · सकाळी ८.४०

अँटिबायोमाचं मान्य ताई. पण गावात रात्री कोणी नसतं, लोक आमच्याकडेच येतात. रिकाम्या हाताने पाठवलं तर दुसऱ्या दुकानातून स्टेरॉइडची मिक्स ट्यूब घेतात.

ड्रेसिंगवाली_ताई · सकाळी ८.५५

ती ट्यूब तर सगळ्यात वाईट. लालपणा उतरतो, आग थांबते, माणूस निवांत होतो आणि आत पू वाढत राहतो. अशा वेळी ताप उतरायची साधी गोळी द्या, पेनाची रेघ काढून द्या आणि सकाळी कुठे जायचं ते सांगा. तेवढं पुष्कळ.

खानदेशी_लेक · सकाळी १०.१०

हे वाचून विचारते. माझ्या वडिलांना पाठीवर, मानेखाली अशीच गाठ आहे. त्यांना शुगर आहे. त्यावर एक नाही, चाळणीसारखी पाच-सहा तोंडं आहेत आणि थोडा थोडा पू येतो. तोंड आलंय म्हणजे आपोआप मोकळं होतंय ना? मीही शेक चालू ठेवू का? वय ६१.

सर्जरी_जळगाव · सकाळी १०.२५

ताई, थांबू नका. भावाचं केसतूड आणि वडिलांचं दुखणं एक नाही. मानेखाली-पाठीवर, शुगरच्या माणसाला, अनेक तोंडं असलेली गाठ म्हणजे काळपुळी. तिथली कातडी जाड, त्यामुळे पू वर यायच्या ऐवजी आडवा पसरतो आणि कप्प्याकप्प्यांत साचतो. तोंडं दिसतात, पण खालचा बहुतेक भाग मोकळा होत नाही. शेक देऊन वेळ घालवू नका, आज दुपारपर्यंत सर्जनकडे न्या. शुगर किती आहे ते आधी तपासतील. शुगर हाताबाहेर असेल तर इन्सुलिन आणि चीर दोन्ही एकाच वेळी लागतं. पूमुळे शुगर चढते आणि शुगरमुळे पू वाढतो.

केळीवाला_रावेर · दुपारी १२.५०

रेघ काढली होती, साडेआठ वाजता. आता जांघेच्या बाजूने अर्धा बोट पुढे गेलीय. रात्रभर ठणका होता, झोप नाही. वरची कातडी चकाकते आणि मधोमध पापुद्रा सुटलाय. तुम्ही सांगितलं तसं दोन्ही बाजूंनी दाबलं, मध्ये बोट उचललं जातं, कडा अजून कडक आहेत. उडत नाही, खोकल्यावर फुगत नाही. वर जांघेत एक वेगळी बोराएवढी गाठ हाताला लागते, ती दुखते. ताप १००.८. आता सुईने फोडू का, वर तर आलंय?

वाटसरू_शहादा · दुपारी १.०५

जांघेत गाठ म्हणजे अवधाण. पायाला काटा लागला, भेग चिघळली की येतं. पाऊल बघा, खरं दुखणं तिथे असेल. केसतूड वगैरे काही नाही. आमच्याकडे कपाशीत अनवाणी काम करणाऱ्यांना हमखास होतं.

सर्जरी_जळगाव · दुपारी १.२०

वाटसरू, पाऊल बघायला सांगितलं ते चांगलं. पण इथे वरची बोराएवढी गाठ म्हणजे अवधाण, आणि खालची लिंबाएवढी गाठ म्हणजे पू. मांडीतला संसर्ग ज्या गाठींकडे जातो, त्यातली ती पहिली. तिला कोणी चीर देऊ नये, मुख्य पू निघाला की बहुतेकदा ती दोन-तीन आठवड्यांत बसते.

रावेरकर, आता घरची वेळ संपली. ताप वाढतोय, रेघ ओलांडली, मध्ये पातळ झालंय. सुईचं छिद्र लवकरच चिकटतं. वरचा चमचाभर पू येईल, ठणका कमी होईल, तुम्हाला बरं वाटेल आणि खालचे कप्पे तसेच राहतील. आजच ग्रामीण रुग्णालयात किंवा सर्जनकडे जा. सकाळपासून काही खाल्लं असेल तर वेळ लक्षात ठेवा, भूल द्यायची वेळ आली तर विचारतील.

आज संध्याकाळपर्यंत खालीलपैकी काही दिसलं तर ग्रामीण रुग्णालयाची वाट न धरता थेट मोठ्या ठिकाणी: अंडकोषाची पिशवी सुजली, कातडी जांभळी किंवा काळी पडली, पाण्याचे फोड आले, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली, किंवा दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतंय. हे गळवाचं लक्षण नाही, ऊतक सडायला लागल्याचं आहे आणि ते दिवसांत नाही, तासांत पसरतं.

केळीवाला_रावेर · दुपारी १.३०

निघालो. तो एवढा घाबरलाय की बधिर न करताच कापतील म्हणतो. काय काय करतील?

ड्रेसिंगवाली_ताई · दुपारी १.४५

त्याला वाचून दाखवा. आधी शुगर बघतील, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारतील. पोव्हिडोनने जागा साफ करून भोवतीने बधिर करण्याची सुई देतात. गळवाच्या आत नाही, कडेने चारी बाजूंनी. आत दिली तर पोकळी आणखी ताणते आणि किंचाळायला होतं. पू आम्लासारखा असतो, त्यात बधिर करणारं औषध धड काम करत नाही, म्हणून दिल्यावर पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. घाई करू नका म्हणून सांगायला लाजू नका. तरीही दाबल्याची, ओढल्याची जाणीव येते, टोचणं येत नाही. खूप खोल किंवा गुदद्वाराजवळ असेल तर कमरेत सुई किंवा थोड्या वेळाची पूर्ण भूल देतात.

चीर सगळ्यात मऊ जागेवर, जांघेच्या घडीला समांतर, पोकळीच्या लांबीइतकी. लोकांना वाटतं लहान चीर चांगली. लहान चीरच दोन दिवसांत बंद होते आणि तेच दुखणं पुन्हा. पू निघाल्यावर चिमटा आत घालून कप्पे तोडतात, हा भाग सगळ्यात त्रासाचा, पण दोन मिनिटांचा. थोडा पू तपासणीला पाठवा म्हणून स्वतः विनंती करा. कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते तीन-चार दिवसांत कळतं. मग सलाइनने धुतात. टाके घालत नाहीत, घालायला सांगूही नका.

केळीवाला_रावेर · संध्याकाळी ७.३०

झालं. शुगर ११८ आली. साधारण २० मिली पू निघाला, हिरवट पिवळा, वास नव्हता. आत तीन कप्पे होते. साडेतीन सेंटीमीटरची चीर. आत गॉजची पट्टी भरली आणि वात बाहेर ठेवलीय. ठणका लगेच ऐंशी टक्के गेला. गोळ्या सात दिवसांच्या दिल्यात. पू निघाला तरी गोळ्या कशाला?

सर्जरी_जळगाव · रात्री ८.१०

हा प्रश्न सर्जन लोकांतही पूर्ण मिटलेला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सगळ्यांची चीर दिली, अर्ध्यांना वर को-ट्रायमोक्साझोल दिलं, अर्ध्यांना खोटी गोळी. औषध घेतलेले सुमारे ८० टक्के बरे झाले, खोटी गोळी घेतलेले सुमारे ७४ टक्के. म्हणजे मुख्य काम चिरेने झालं, गोळीने थोडी भर घातली. त्यांच्याकडे एक हट्टी जंतू जास्त होता, तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत ताप, पसरता लालपणा आणि वरचं अवधाण तिन्ही होतं. अशा वेळी गोळी द्यावी यावर फारसा वाद नाही. सात दिवस पूर्ण करा. दोन सेंटीमीटरचं, ताप नसलेलं, नीट मोकळं झालेलं गळू असतं तर मी बऱ्याचदा देत नाही.

ड्रेसिंगवाली_ताई · रात्री ८.३०

वात उद्या संध्याकाळी ते परवा सकाळपर्यंत काढतात. काढण्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्या, मग सलाइन ओतून ती ओली होऊ द्या. कोरडी ओढली तर नवं मांस सोलून निघतं आणि रक्त येतं. पट्टी सैल असायला हवी. बाटलीत बूच ठोकल्यासारखी भरली असेल तर पू बाहेर यायच्या ऐवजी आतच राहतो.

सर्जरी_जळगाव · रात्री ८.४५

वातीबद्दल ताईंचं आणि माझं थोडं वेगळं आहे. पाच सेंटीमीटरपेक्षा लहान पोकळीत मी बहुतेकदा भरतच नाही. चीर पुरेशी मोठी असली की त्याशिवायही भरून येतं आणि रोज काढ-भर करताना होणारा त्रास वाचतो.

ड्रेसिंगवाली_ताई · रात्री ९.००

सर, पुस्तकात बरोबर. पण आमच्याकडे माणूस दुसऱ्या दिवशी येईलच याची खात्री नसते. वात असली तर ती काढायला तरी येतो.

केळीवाला_रावेर · रविवार, सकाळी ११.००

शुक्रवारी वात काढली. ताप नाही, पेनाच्या रेघेच्या आत लालपणा आलाय. पण काल भाऊ कापणीला गेला, पट्टी बदलली नाही. आज बघतो तर तोंडाच्या दोन्ही कडा चिकटल्यात, खाली पुन्हा टचटचीत लागतं. दाबलं नाही. आजीचा_बटवा यांनी मेसेज करून हळद आणि गोळीची पूड भरायला सांगितलं होतं, आईने काल भरली.

ड्रेसिंगवाली_ताई · सकाळी ११.२०

दादा, यात दोन चुका झाल्या. पूड पोकळीच्या तोंडाशी घट्ट होऊन झाकण बनते. आणि जखम वरून आधी बंद झाली की खाली पाणी साचतं. गळू तळापासून भरत वर यायला हवं. आज आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याची धार थेट तोंडावर पाच मिनिटं सोडा. कडा मऊ झाल्या की बहुतेक आपोआप सुटतात. सुटल्या आणि पिवळसर पातळ पाणी आलं तर हरकत नाही, तसंच रोज दोन वेळा करा आणि वर कोरडं गॉज ठेवा. ओलं झालं की बदला, दिवसातून तीनदा लागलं तरी. हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज फेस काढू नका, नवं मांस जळतं. नाही सुटल्या तर आजच पुन्हा रुग्णालयात, बोट घालून उघडून देतील. उद्यावर नको.

आजीचा_बटवा · सकाळी ११.५०

मी पूड सांगायला नको होती. आमच्याकडे वरच्या ओरखड्यांना लावतात, आत खड्डा असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, हे लक्षात आलं नाही. आईंना सांगा, माझी चूक.

खानदेशी_लेक · दुपारी १२.४०

वडिलांना त्याच दिवशी दाखल केलं. शुगर ३४० होती. काल ऑपरेशन झालं, बराच सडलेला भाग काढला. अजून आठवडाभर तिथेच ठेवतील.

केळीवाला_रावेर · दुपारी ३.१५

पाण्याची धार धरली, तोंड सुटलं. अर्धा चमचा पाणी आलं, पू नाही. त्याला पंधरा दिवस जीन्स आणि घड उचलणं बंद सांगितलंय. तपासणीचा रिपोर्ट उद्या मिळेल. एक विचारायचं राहिलं. याच बाजूला वर्षभरात ही दुसरी वेळ. पुन्हा केस काढायचेच असतील तर कसे?

सर्जरी_जळगाव · दुपारी ४.००

जखम पूर्ण भरेपर्यंत तिथे काहीच लावू नका. पुढे ब्लेड आणि वॅक्स दोन्ही नको. ट्रिमरने दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, केस कातडीच्या खाली तुटला नाही तर आत वळून रुततही नाही. वर्षात दुसरी वेळ असल्यामुळे तीन महिन्यांची सरासरी शुगर एकदा बघाच, त्या दिवशीची ११८ पुरेशी नाही. आणि त्याला काखेत किंवा दुसऱ्या जांघेतही अशा गाठी येऊन गेल्यात का, कातडीवर काळे ठिपके किंवा दोरीसारखे व्रण आहेत का, तेवढं विचारून लिहा. तसं असेल तर हे साधं केसतूड नाही. तो वेगळा आजार आहे, त्यात दरवेळी चीर देऊन भागत नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं लागतं.

केळीवाला_रावेर · दुपारी ४.२०

डाव्या काखेत गेल्या उन्हाळ्यात एक होती म्हणतो, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. फोटो काढून उद्या रिपोर्टसोबत दाखवतो.